सतरा गुण आणि नववा प्रश्न

रेणापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले, तेव्हा मला नर्सिंग करून तीनच वर्षं झाली होती. माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागा असलेलं. इथं सगळं सोयाबीन आणि तूर. दोन खोल्यांचं उपकेंद्र, एक कपाट, एक वजनकाटा, आणि हाताखाली म्हणण्यापेक्षा हाताला धरून नेणारी एक आशाताई. ती त्याच गावची सून होती, चाळिशीची, कोणाच्या घरात काय शिजतंय हे तिला वासावरून कळायचं.

त्या एप्रिलमध्ये तालुक्यावरून आदेश आला. गावातल्या सगळ्या बायकांकडून नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरून घ्यायचा. मानसिक आरोग्याची तपासणी म्हणे. फॉर्म एका पानाचा. मागच्या दोन आठवड्यांत हे त्रास किती वेळा झाले, एवढंच विचारायचं: कामात गोडी न वाटणं, उदास वाटणं, झोप कमी किंवा जास्त होणं, थकवा, भूक, आपण कमी पडलो असं वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा जीव सैरभैर होणं, आणि शेवटी नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला काही करून घ्यावं असे विचार. प्रत्येकाला चार उत्तरं. अजिबात नाही म्हणजे शून्य. काही दिवस म्हणजे एक. निम्म्याहून जास्त दिवस म्हणजे दोन. जवळजवळ रोज म्हणजे तीन. बेरीज जास्तीत जास्त सत्तावीस. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून बऱ्यापैकी तीव्र, विसापासून तीव्र. दहा आणि त्यावरच्यांची यादी करून वर पाठवायची.

प्रशिक्षणात हे सगळं दीड तासात सांगितलं होतं. 'हा चाळणीचा फॉर्म आहे, निदानाचा नाही,' हे वाक्यही सांगितलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली.

शुक्रवारी आम्ही बाजारपेठेच्या गल्लीत गेलो. तिथं एका लिंगायत कुटुंबाचं किराणा दुकान होतं, मागं घर. काका, काकू, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. गावातलं निम्मं सामान त्या दुकानातून जायचं आणि गल्ल्यावर वर्षानुवर्षं काकूच बसायच्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत, असं आशाताई सांगायची. मला भेटल्या त्या काकू वेगळ्याच होत्या. ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्यांच्या अंगात लोकरी स्वेटर होता. मी तो पाहिला. पाहिला आणि पुढचा प्रश्न विचारला.

"कामात गोडी वाटत नाही, असं होतं का काकू?"

"वाटती की. पूजा करती रोज. मन लागतंय." त्या एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलत होत्या. "हात चालत न्हाईत, बाई. बसल्या जागी डोळा लागतो."

गोडीला मी शून्य लिहिलं. उदास वाटण्याला एक, कमी पडलो असं वाटण्याला एक. झोपेला तीन, कारण त्या दिवसभर झोपत होत्या. थकव्याला तीन. भुकेला तीन. लक्ष लागत नाही, हिशेब चुकतो, तीन. हालचाल मंद, लोकांच्याही लक्षात येतं, तीन. नवव्याला त्या हसल्या. "न्हाई गं. नातीचं लगीन बघायचंय." शून्य.

बेरीज सतरा. त्या गावातली सगळ्यात मोठी बेरीज ती होती.

सून दाराच्या चौकटीत उभी होती. उदगीरकडची, माहेरी कानडी बोलणारी, कॉलेज झालेली. तिनं फॉर्म मागून घेतला. "मला वाचता येतं, मी भरते." सासूपासून दोन हातांवर बसून, गुडघ्यावर वही ठेवून तिनं खुणा केल्या आणि कागद उलटा करून माझ्या हातात दिला. मी तो तसाच गठ्ठ्यात घातला. संध्याकाळी उपकेंद्रात बेरजा केल्या, तेव्हा तिची सहा आली. दहाच्या खाली. दहाच्या खालच्या सगळ्या कागदांना रबर लावून मी ते कपाटात टाकले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. मुलगा गल्ल्यावर होता, पुढं तीन-चार गिऱ्हाइकं. मी त्याला बाजूला घ्यायला हवं होतं. मी तिथंच म्हटलं, "तुमच्या आईला डिप्रेशन आहे. सतरा गुण आलेत. लातूरला न्यावं लागेल."

"डिप्रेशन म्हणजे?"

"मनाचा आजार."

तोलता तोलता थांबलेली साखर त्यानं पुन्हा तोलली. पण तेलाची बाटली घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं दुसरीकडं पाहिलं, ते मला दिसलं.

रविवारी दुपारपर्यंत गल्लीत बातमी होती की दुकानवाल्या काकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय. सोमवारी आशाताई उपकेंद्रात आली आणि पदर सावरत खुर्चीत बसली.

"मॅडम, त्या घरात काय चाललंय ते बरं न्हाई."

"काय झालं?"

"काकूला गॅसजवळ जाऊ देत न्हाईत. गल्ल्यावर बसू देत न्हाईत. मुलानं चाव्या काढून घेतल्या. आणि आता काकूच्या नणंदा येऊन जातात, रोज सांजच्याला एक. म्हणतात, एवढी खमकी बाई अशी कशी झाली? सुनेनंच जाच केला म्हणून."

"सुनेनं?"

"ती बोलत न्हाई ना कोणाशी. मुकी असली की लोक तिच्या नावावर काही बी लावतात." आशाताईनं दाराकडं पाहिलं. "पाच महिन्यांमागं तिचं पोटातलं गेलं. सातवा लागला होता. तेव्हापासून अशीच हाय. माझ्या रजिस्टरला हाय ते."

मी म्हटलं, काकूंचे उपचार सुरू झाले की सगळं निवळेल. मला खरंच तसं वाटत होतं. सतरा हा आकडा माझ्या डोक्यात एवढा मोठा झाला होता की त्या घरातलं बाकी सगळं त्याच्या मागं गेलं होतं. रेफरल चिठ्ठीवर मी ठळक अक्षरांत 'डिप्रेशन' लिहिलं, पुढं सतरा, आणि सही केली.

बुधवारी त्यांच्याच गाडीतून आम्ही लातूरला निघालो. मुलगा गाडी चालवत होता, शेजारी काका, मागं काकू आणि मी. सून दारात उभी होती. नात कडेवर होती. "हिला शेजारी ठेवते," ती नवऱ्याला म्हणाली, "मला घर आवरायचंय." तो बरं म्हणाला. गाडी वळली तेव्हा ती अजून तिथंच उभी होती. मी हात हलवला, तिनं नाही हलवला.

लातूरच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला गर्दी होती. डॉक्टर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी माझी चिठ्ठी वाचली, बाजूला ठेवली आणि काकूंशी बोलायला लागले. कधीपासून? आठ-नऊ महिने. वजन? वाढलंय, खात नसून वाढलंय. पोट साफ होतं? न्हाई. केस? गळतात. त्यांनी नाडी धरली, घड्याळाकडं बराच वेळ पाहिलं. पायावर अंगठा दाबला. मग स्वेटरच्या बाहीला हात लावून विचारलं, "थंडी वाजते का आजी?"

"वाजती. सगळे हसतात. मला वाजती."

त्यांनी रक्त तपासायला लिहून दिलं आणि काका व मुलाला काकूंबरोबर पाठवलं. मला थांबवून घेतलं.

"सिस्टर, हा रोग कोणी लिहिला?"

"मी, सर. स्कोअर सतरा आहे."

"कशाचे सतरा?"

मला कळलं नाही. त्यांनी माझ्याकडून मूळ फॉर्म घेतला आणि पेननं एकेका आकड्यावर टिचकी मारत गेले. "झोप तीन. थकवा तीन. भूक तीन. लक्ष तीन. मंदपणा तीन. पंधरा झाले. गोडी शून्य, उदासी एक. नैराश्य म्हणायला या पहिल्या दोनांतलं एक तरी बरेच दिवस ठळक असावं लागतं. इथं ते नाही. यातलं बहुतेक सगळं थायरॉईड मंद झालं तरी येतं, रक्त कमी झालं तरी येतं, दुसऱ्या आजारातही येतं. फॉर्मला कारण कळत नाही. तो फक्त मोजतो."

"मग त्यांना डिप्रेशन नाही?"

"तेही मी म्हणालो नाही. असेलही, दोन्ही असू शकतं. आधी रक्त बघू. मग बोलू, घरच्यांना विचारू, आधी कधी असं झालंय का, कोणती औषधं चालू आहेत, कामावर किती परिणाम झालाय. एवढं झाल्यावर निदान. मोठा आकडा आला म्हणजे या माणसाकडं नीट बघा, एवढाच त्याचा अर्थ."

मी मान खाली घातली. घरात चाव्या काढून घेतल्यात, गॅसजवळ जाऊ देत नाहीत, हे त्यांना सांगावं की नाही ते ठरवत होते. तेवढ्यात त्यांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं.

"हिचा नववा शून्य आहे. बाकी गावात नवव्याला शून्याहून जास्त कोणाला होतं?"

"दहाच्या वर आणखी चौघी आहेत सर. त्यांचा मी पाहिला, शून्य आहे."

"आणि दहाच्या खाली?"

ते कागद मी बेरजेपलीकडं पाहिलेच नव्हते.

"नवव्याची बेरीज करायची नसते, सिस्टर. तिथं एक जरी असला, एकूण कितीही असो, त्याच दिवशी त्या बाईला एकटीला घेऊन विचारायचं. खालचे फॉर्म कुठं आहेत?"

ते कपाटात होते, रबर लावून, पाच दिवस.

कपाटाची दुसरी किल्ली आशाताईकडं असायची. मी ओपीडीच्या बाहेर, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून तिला फोन लावला. ती पळत उपकेंद्रात गेली. तिनं रबर काढल्याचा आवाज मला ऐकू आला. ती एकेक कागद उलटत होती आणि पुटपुटत होती, शून्य, शून्य, शून्य. मी मोजत नव्हते, पण तिचा आवाज थांबला तेव्हा मला कळलं.

"एकच हाय मॅडम. एक लिहिलाय."

"कोणाचा?"

"दुकानवाल्या काकूंच्या सुनेचा."

"आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जा. काही बोलली नाहीस तरी चालेल. तिच्याजवळ बस. तिला एकटी सोडू नको. मी निघतेच."

मी आत जाऊन सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "तिच्याजवळ आत्ता कोण आहे?" मी म्हटलं, सगळे इथंच आहेत. त्यांनी स्वतःचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "सरळ विचारा. स्वतःला संपवायचे विचार येतात का, असं त्याच शब्दांत. विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाहीत. घरात फवारणीची औषधं, गोळ्या असतील तर तिच्या हाताशी राहू देऊ नका. आणि तिला आजच माझ्याकडं घेऊन या. मी थांबतो."

काका-काकूंना रक्ताच्या रांगेत ठेवून मी मुलाला गाडीत बसवलं. त्याला किती सांगायचं हे मला ठरवता येत नव्हतं.

"घरी जाऊ या. तुमच्या मिसेसशी बोलायचंय."

"तिच्याशी काय बोलणार? तिच्यामुळंच तर आई अशी झाली."

"आई तिच्यामुळं आजारी पडली नाही. मी चुकीचं बोलले होते दुकानात. आईचा आजार दुसराच असावा, डॉक्टर तपासतायत. तुम्ही जरा जोरात चला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मग नुसता रस्ता पाहत राहिला. मी आशाताईला फोन लावत होते. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. सुनेला लावला. बंद. रेणापूर मागं पडलं. रस्त्यावर उसाचा एक ट्रॅक्टर आडवा होता, त्याला ओलांडायला जागा नव्हती. मुलानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मला ते गाव, ती गल्ली, दुकानाचं बंद शटर दिसत होतं, आणि मागच्या घराचं दार मला प्रत्येक वेळी आतून लावलेलंच दिसत होतं.

शटर बंदच होतं. मागचं दार उघडं होतं. आशाताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती, घाईत फोन उपकेंद्रातच विसरून आली होती. आत सून भिंतीला पाठ लावून बसलेली. घर झाडून लख्ख केलेलं. पोरीचे सगळे कपडे घड्या घालून एका पिशवीत भरलेले, पिशवी दाराशी ठेवलेली. मी त्या पिशवीकडं पाहिलं आणि ती माझ्याकडं.

मी मुलाला बाहेर थांबायला सांगितलं. आशाताई बाजूला सरकली पण गेली नाही. मी सुनेसमोर जमिनीवर बसले.

"ताई, तुम्ही फॉर्मवर नवव्या प्रश्नाला खूण केली होती. मी ती आज पाहिली. स्वतःला संपवायचा विचार येतो का तुम्हाला?"

तिनं मांडीवरचा पदर सरळ केला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "शुक्रवारी केली होती खूण."

"हो."

"मला वाटलं, तुम्ही त्याच दिवशी याल. शनिवारी तुम्ही दुकानात आलात. मी आतून आवाज ऐकला. म्हटलं, आल्या. मग तुम्ही सासूबाईंचं बोलून निघून गेलात."

मी म्हटलं, "माझी चूक झाली." ती रडली नाही. मी विचारलं, "आज काही ठरवलं होतं का?"

"सकाळपासून ठरवून बसले होते. सगळे गेले होते." तिनं कोठीच्या खोलीकडं पाहिलं, जिथं शेतावरच्या फवारणीचे डबे असायचे. "मग या आल्या आणि बसल्या. उठेचनात."

आशाताईनं कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कनवटीला खोवली. मी सरांना फोन केला, जे ऐकलं तेच सांगितलं, तिच्यासमोरच. मग नवऱ्याला आत बोलावलं. तिला विचारून, तिच्या देखत, त्याला सांगितलं. तो उंबऱ्यातच खाली बसला. म्हणाला, "मला बोलली असती तर." ती म्हणाली, "बाळाच्या वेळीच बोलले होते. तुम्ही म्हणालात, विसर आता."

त्या संध्याकाळी आम्ही तिला लातूरला नेलं. सर थांबले होते. त्यांनी तिच्याशी तासभर बोलून घेतलं, आम्हाला सगळ्यांना बाहेर ठेवून. नंतर मला म्हणाले, सहा हा आकडा तिच्याबद्दल काहीच सांगत नव्हता. सासू दोन हातांवर असताना भरलेला फॉर्म, बाकीच्या प्रश्नांना तिनं कमी कमी लिहिलं, एका प्रश्नाला मात्र तिला खोटं लिहवेना. तिला त्यांनी काही दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, औषध सुरू केलं. तिची आई उदगीरहून आली.

काकूंचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. थायरॉईड फारच मंद होतं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. दोन-अडीच महिन्यांत त्या पुन्हा गल्ल्यावर बसायला लागल्या, आवाज परत आला. सरांनी सांगितल्याप्रमाणं मी तोच फॉर्म पुन्हा भरून घेतला, तेव्हा बेरीज चार आली. काकूंनी विचारलं, "मग मी वेडी न्हवते ना?" मी म्हटलं, "नाही. आणि मनाचा आजार झाला असता तरी वेड्या नसता." हे दुसरं वाक्य त्यांनी ऐकलं असं वाटलं नाही.

मी त्या गल्लीत घराघरांत जाऊन सांगितलं की माझं निदान चुकलं होतं, सुनेचा काही संबंध नव्हता. लोकांनी चहा दिला, हो हो म्हणाले. पण काकूंच्या एक नणंद शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की गोळीनं सासू बरी झाली ते ठीक, पण सून दवाखान्यात राहून आली म्हणजे मूळ तिच्यातच होतं. एक शब्द मी एका शनिवारी चार गिऱ्हाइकांसमोर टाकला होता. तो एका बाईवरून काढला तर दुसरीवर जाऊन बसला.

सून तीन महिने माहेरी राहून परत आली. उपचार चालू होते. दर पंधरा दिवसांनी ती उपकेंद्रात यायची, आशाताईजवळ बसायची, माझ्याशी कामापुरतं बोलायची. चांगल्या दिवसांइतकेच वाईट दिवसही होते. एकदा लागोपाठ दोन वेळा ती आली नाही, तेव्हा आशाताई आणि मी एकदमच उठलो आणि गल्लीकडं चालायला लागलो. ती ओट्यावर पोरीची वेणी घालत होती. आम्हाला बघून म्हणाली, "आहे मी." आणि वेणी घालत राहिली.

पुढं माझी बदली नांदेडकडं झाली. आता मी नव्या मुलींना हाच फॉर्म शिकवते. तालुक्यावरून आदेश येतात, मुदत असते, ऑनलाईन भरायच्या रकान्यात फक्त एकूण गुण मागतात. नव्या मुली हुशार असतात, पटापट बेरजा करतात. मागच्याच महिन्यात एकीनं मला यादी आणून दिली, वर लिहिलं होतं 'डिप्रेशनचे पेशंट', खाली अकरा नावं, गुणांच्या उतरत्या क्रमानं. मी ते शीर्षक खोडायला लावलं आणि विचारलं, "दहाच्या खालचे कागद कुठं आहेत?"

ती म्हणाली, "ते ठेवून दिलेत, मॅडम."

"कधी?"

"सोमवारी."

त्या दिवशी गुरुवार होता. मी खुर्ची मागं सारली आणि तिला म्हटलं, किल्ली घे.